खंडेनवमीचं कार्ड

शेठांचा फोन सकाळी साडेनऊला आला, आणि आवाज चक्क खूश होता. "ताई, मशीन बंद पडली व्हती. लाल लाईट लुकलुकत व्हती. तुमी दिलेलं कार्ड टाकलं, तशी चालू झाली हाय. म्हटलं सांगून ठेवावं."

मी ठाण्याला स्वयंपाकघरात उभी होते. हातातली चहाची कपबशी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "जुनं कार्ड काढून ते टाकलंत?"

"व्हय. तुमीच तर लिवून ठेवलंय."

मीच लिहून ठेवलं होतं. पाकिटावर, ठळक अक्षरांत, मार्करने. मी पुढचं विचारायच्या आत शेठ म्हणाले, "फक्त मास्टर बोलतात, नंबर सगले उडाले. ते तुमी येऊन टाका." जणू दिव्याचा बल्ब बदलायचा होता.

भिवंडीत मी पंचवीस वर्षं कंट्रोलरची कामं करते. कंट्रोलर म्हणजे पॅनेलमधली एक हातभर लांबीची पेटी. तापमान, दाब, वेग यांचे आकडे तिच्याकडे येतात आणि ती प्रोग्रामप्रमाणे वाफेचे व्हॉल्व्ह आणि मोटारी चालवते. प्रोग्राम असतो अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या मेमरी कार्डावर. शेठांचं सायझिंग खारबावच्या रस्त्याला आहे. आहे म्हणायची सवय गेलेली नाही, होतं. सायझिंगमध्ये ताण्याच्या धाग्यांना खळ लावतात, गरम सिलिंडरांवरून सुकवतात आणि बीमवर, म्हणजे लोखंडी रुळावर, गुंडाळून लूमवाल्यांना देतात. खळ कमी झाली तर धागा लूमवर तुटतो, जास्त झाली तर काडीसारखा कडक होऊन तुटतो. साऱ्या भिवंडीत साठ नंबरच्या बारीक धाग्याचा ताणा घ्यायला लोक शेठांकडे यायचे, आणि ते शेठांमुळे नव्हे, मास्टरांमुळे.

मास्टर म्हणजे ही मशीन चालवणारे कारागीर. मूळचे तेलंगणातले, पण भिवंडीतच म्हातारे झालेले. त्या फोनच्या नऊ वर्षं आधी मी मशीनवर नवा कंट्रोलर बसवला तेव्हा ते माझ्या टचस्क्रीनकडे असं बघत होते की मीच शरमले. पण महिन्याभरात त्यांनी ती स्क्रीन आपलीशी केली. धागा दोन बोटांत चोळायचा, कधी दातांखाली धरायचा, मग खळीचं तापमान एक अंशाने वर, रोलरचा दाब जरासा खाली. बरोबर झालं की सेव्ह. प्रत्येक नंबराच्या धाग्याची, प्रत्येक मिलच्या सुताची वेगळी जागा. अडतीस जागा भरल्या होत्या त्यांनी, नऊ वर्षं घेऊन.

कशेळीच्या पुलावर नेहमीसारखे कंटेनर उभे होते. मी गाडीत बसून स्वतःला शिव्या घालत होते, मोठ्याने. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर काच खाली करून बघायला लागला. मला माहीत होतं काय झालंय ते. मास्टरांचे आकडे कार्डावर नव्हते. ते कंट्रोलरच्या आतल्या वेगळ्या मेमरीत होते, वीज गेली तरी टिकणाऱ्या. पण ती मेमरी कार्डावरच्या प्रोग्रामशी बांधलेली असते. वेगळा प्रोग्राम असलेलं कार्ड आत गेलं की कंट्रोलर पडताळतो, जुळत नाही म्हणून जुने आकडे पुसतो आणि नव्या कार्डावरचे सुरुवातीचे आकडे घेऊन चालू होतो. 'चालू झाली' याचा अर्थ 'पुसलं गेलं' असा होता. कोणी काही न करता नुसता मला फोन केला असता, तर पेटी चालू ठेवून, लॅपटॉपची केबल लावून, मी बहुतेक ते आकडे अर्ध्या तासात वाचून काढले असते. निदान प्रयत्न केला असता. पण फोन करायचा असं मी कुठे लिहिलं होतं?

ते पाकीट सांगायलाच हवं. मशीन सुपूर्द करताना मी एक जादा कार्ड तयार केलं होतं, त्या दिवसाच्या प्रोग्रामची प्रत. पाकिटात घालून वर लिहिलं: 'मशीन बंद पडली, लाल दिवा लुकलुकला, तर हे कार्ड टाकावे. एरवी हात लावू नये.' शेठ आगरी माणूस, दिलेल्या शब्दाला जपणारा. त्यांनी ते पाकीट ऑफिसातल्या गणपतीच्या फळीवर ठेवलं. दर खंडेनवमीला पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, टॅकोमीटर यांच्या पंगतीत ते पाकीटही पाटावर यायचं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आणि पुन्हा फळीवर. एका वर्षी मी नेमकी त्या दिवशी गेले होते. पाकिटावर कुंकवाचे थर बसून माझी अक्षरं गुलाबी झाली होती. मला काय वाटलं असेल? मला मजा वाटली. मी फोटो काढला, घरी दाखवला, म्हटलं बघा, माझ्या कामाची पूजा होते. कार्ड उघडून लॅपटॉपला लावून पाहावं, जुनं झालंय ते नवं करावं, हे त्या शहाणीला सुचलं नाही. तोवर पाच पूजा झाल्या होत्या.

शेडमध्ये शिरले तेव्हा मशीन थांबलेली होती आणि मास्टर बीमजवळ उकिडवे बसले होते. बीमवरचा ताणा ओला होता, धागे एकमेकांना चिकटलेले. मला कारण लगेच कळलं. चार वर्षांपूर्वी शेठांनी मशीनला दोन जादा सुकवणी सिलिंडर लावले होते, आणि मी प्रोग्राम बदलून त्यांचे वाफेचे व्हॉल्व्ह त्यात घेतले होते. पाकिटातलं कार्ड त्याआधीचं. त्या कार्डाच्या लेखी ते दोन सिलिंडर जन्मलेच नव्हते. व्हॉल्व्ह बंद, सिलिंडर गार, ताणा ओला.

"मॅडम," मास्टर म्हणाले, "स्क्रीनवर नाव सगळे आहेत. अंदर नंबर सारखे आहेत. सगळ्यात सारखे."

मी स्क्रीन पाहिली. अडतीसही जागांत खळीचं तापमान ऐंशी, दाब दहा, ताण एक. ते माझे आकडे होते. सुरुवातीला काहीतरी भरायचं म्हणून भरलेले, मास्टर बदलतीलच म्हणून.

मी मशीनमधून काढलेलं जुनं कार्ड लॅपटॉपला लावलं. आधी काहीच दिसलं नाही, मग विंडोजने विचारलं, फॉरमॅट करू का? नको म्हटलं. हे कार्ड विंडोजमध्ये फॉरमॅट केलं की कायमचं जातं, एवढं तरी मला येतं. तीन वेगळ्या रीडरमध्ये लावून बघितलं. गेलं होतं. का गेलं, तेही मला तिथेच बसल्या बसल्या उमगलं. लूमवाले तक्रार करायचे तेव्हा शेठांना दाखवायला कागद हवा होता, म्हणून चार वर्षांपूर्वी मी प्रोग्राममध्ये नोंदवही घातली होती. दर पाच सेकंदांनी प्रोग्राम तापमान, दाब, ताण कार्डावर लिहायचा, वही भरली की जुनं पुसून पुन्हा लिहायचा. कार्डावर किती वेळा लिहिता येतं याला मर्यादा असते. दर पाच सेकंदांनी, दोन पाळ्या, चार वर्षं. शेठ म्हणाले, "खालच्या वाफेनं गेलं आसंल." मी हो म्हटलं नाही, पण नाही म्हणायलाही दोन दिवस लागले.

त्यातला सगळ्यात वाईट भाग असा की त्या नोंदवहीत मास्टरांचे आकडे होते. मशीन प्रत्यक्ष कशी चालली ते सगळं त्यात होतं. ते वाचता आलं असतं, तर उलट हिशेब करून पुष्कळ जागा भरता आल्या असत्या. मी ते कार्ड मुंबईत अशा कामाच्या माणसाकडे दिलं. आठवड्याने त्याने परत दिलं, चिप बोलतच नाही म्हणाला.

राहिला माझा लॅपटॉप. चार वर्षांपूर्वीचा प्रोग्राम त्यात व्यवस्थित होता. तो मी नव्या कार्डावर उतरवला, नोंदवही काढून टाकली, दोन्ही सिलिंडर तापले. पण त्या प्रोग्रामबरोबर चालू आकड्यांची छबी घ्यायची असते. एक बटण आहे त्याला. दाबलं की कंट्रोलरच्या आतले त्या क्षणाचे आकडे फाईलमध्ये येतात. मी ते बटण दाबलं नव्हतं. तो दिवस मला आठवतो. पडघ्याला दुसऱ्या कामावर पोचायचं होतं, शेठांनी कोळंबीचं जेवण मागवलं होतं आणि मी म्हटलं, आकडे कुठे जातायत.

संध्याकाळी शेठ मला ऑफिसात घेऊन बसले. त्यांच्या दोन्ही मुलांना जागा गोडाऊनला द्यायची होती. आजूबाजूची शेती, सायझिंग, लूमचे कारखाने सगळे गोडाऊन झालेच होते. मोठ्या कंपनीचा माणूस तीनदा येऊन मोजमाप घेऊन गेला होता. शेठ टाळत होते. "साठ नंबरवाले लोक येतात तवर पोरं गप हायत," ते म्हणाले. "ते गेले, तर मना काय बोलता येनार न्हाय. दिवाळीपतुर हाय आपल्या हातात. जमंल?"

शेडमध्ये अकरा माणसं होती आणि मास्टर. मी म्हटलं, जमेल. मला जमेल असं वाटत नव्हतं.

मी मास्टरांना वही घेऊन विचारायला बसले. साठ नंबरला खळ किती अंशावर ठेवायची? ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "नंबर मी कधी बघितला नाय, मॅडम. धागा बघतो. कमी वाटलं तर वरचं बटन, जास्त वाटलं तर खालचं. बरोबर झालं की सेव्ह. नंबर तुमची मशीन ठेवते ना?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी हाताचं काम केलं होतं आणि लक्षात ठेवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं.

मग ते पुन्हा पहिल्यापासून लागले. एका वेळी एक जागा. मी आठवड्यातून दोनदा जायचे, ते म्हणतील ते बदलायचे, बीम निघाला की ते धागा चोळून मान हलवायचे. जाड नंबर लवकर आले. वीस नंबर चार दिवसांत, तीसला आठवडा. पण सूत आता तेच नव्हतं, ज्या मिलचं सूत तेव्हा यायचं त्यातल्या काही बंद पडल्या होत्या, खळीची पावडर दुसऱ्या कंपनीची. आणि मास्टरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा राहिलेला. साठ नंबरचा धागा ते उजेडाकडे धरायचे, पुन्हा धरायचे, आणि बटणावर बोट ठेवून थांबायचे. पूर्वी ते कधी थांबत नव्हते. मला तिथून निघून जावंसं वाटायचं.

दर आठवड्याला लूमवाले बीम परत आणून टाकत होते. एक जण तर माझ्यासमोर मास्टरांना म्हणाला, "चाचा, अब आप से नहीं होगा." मी त्याच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, मास्टरांनी मला हाताने थांबवलं. "गलत नहीं बोला," ते म्हणाले. तो माणूस पुन्हा आला नाही, त्याचे बीमही आले नाहीत.

त्याच काळात मी बॅकअपची पद्धत बसवली. घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कडी लावण्यातला प्रकार, पण मला दुसरं काही करता येत नव्हतं. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, सायझिंगही. त्या दिवशी जायचे. आधी लॅपटॉपमधला प्रोग्राम आणि कंट्रोलरमधला प्रोग्राम शेजारी शेजारी लावून फरक बघायचा. मग ते बटण दाबून चालू आकड्यांची छबी घ्यायची आणि आकडे कागदावरही छापायचे, कारण कागदाला केबल लागत नाही. मग कंट्रोलरच्या आत चालणारं फर्मवेअर, म्हणजे कंपनीने घातलेला त्याचा मूळचा कारभार, त्याची आवृत्ती कोणती ते लिहायचं आणि त्याची फाईल आपल्याकडे ठेवायची. तीन प्रती, तीन जागी: एक ऑफिसात, एक शेठांच्या घरी, एक माझ्याकडे. प्रत्येक पाकिटावर तारीख. आणि गुलाबी व्हायच्या आत बदलायचं.

मी एक जुना वापरलेला कंट्रोलरही मिळवला, प्रत खरंच चालते का बघायला. पहिल्या दिवशी तो प्रोग्राम घेईचना. त्याचं फर्मवेअर आपल्यापेक्षा जुनं निघालं, आणि नव्या आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्राम जुना कंट्रोलर घेत नाही. मग आधी रिकाम्या कार्डावर फर्मवेअरची फाईल घालून ते चढवलं, कार्ड काढून साफ केलं तेही आमच्याच सॉफ्टवेअरमधून, मग त्यावर प्रोग्राम, आणि शेवटी आकडे. मास्टर स्टूल घेऊन बाजूला बसले होते. टेबलावरच्या त्या पेटीत, ना वाफ ना धागा, त्यांचे वीस नंबरचे आकडे उमटले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे इथे पण आलं?" मी म्हटलं, आलं. "मग आता जाणार नाय?" मी म्हटलं, नाही जाणार. ते हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले, आणि मला रडू आलं. मी केबल गुंडाळायला लागले.

दसरा आला. खंडेनवमीला शेठांनी नवीन पाकीट पाटावर ठेवायचं का विचारलं. मी म्हटलं, ठेवा, पण उघडून. त्यांना ते पटलं नाही, तरी त्यांनी ठेवलं. कुंकवाची करंगळी पाकिटाजवळ नेली आणि लावावं की नको अशी हवेतच धरून ठेवली. शेवटी पान्ह्याला लावली.

साठ नंबर आला नाही. मास्टरांनी तो अकरा वेळा लावून पाहिला, मी मोजले आहेत. नवव्या वेळेला जवळ आला होता. बीम गेला, दोन दिवस काही कळलं नाही, आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि बीम उतरवून गेला, ड्रायव्हर नीट बोललाही नाही. दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी शेठांनी मला फोन केला. नेहमीसारखं 'ताई' म्हणाले. मग म्हणाले, "पोरांना व्हय बोललो." मी माफी मागितली. कार्ड कशाने गेलं, छबी कशी राहिली, सगळं मी त्यांना आधीच सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "ताई, कार्ड तं मीच टाकलं ना." आम्ही दोघं आपापला वाटा उचलत होतो आणि तो कुणाच्याच कामाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी गेले. जायचं काही कारण नव्हतं, मशीन भंगारवाल्याने बघून ठेवली होती. मास्टर आले होते, गावी जायची पिशवी भरायची सोडून. आम्ही पद्धतीप्रमाणे सगळं केलं. प्रोग्राम जुळला. छबी घेतली, कागद छापला. फर्मवेअर लिहिलं. टेबलावरच्या कंट्रोलरमध्ये सगळं उतरवलं आणि एक एक आकडा ताडून पाहिला. कुठेही चूक नव्हती. इतका बिनचूक बॅकअप मी आयुष्यात घेतलेला नाही.

मास्टरांनी छापलेला कागद मागितला. चष्मा पुसून डोळ्याजवळ धरला. अडतीस जागांपैकी सहा त्यांच्या होत्या, आणि सातवी साठची, अकराव्या वेळची, चुकलेली. बाकी एकतीस ओळींत ऐंशी, दहा, एक. ऐंशी, दहा, एक. पानाच्या शेवटपर्यंत.

"हे कोणाचे?" त्यांनी बोट खाली नेत विचारलं.

"माझे."

त्यांनी कागदाची नीट चौकोनी घडी केली, पाकिटात माझ्या कार्डाशेजारी ठेवली, आणि पाकीट दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. दर खंडेनवमीला मी ते काढते, कार्ड लॅपटॉपला लावते आणि सगळं उघडतं का ते बघते. उघडतं. शेडच्या जागी आता गोडाऊन आहे.